फोटो पाठवण्यापूर्वी त्यातले अक्षांश-रेखांश कसे वाचावेत आणि कसे काढावेत

सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरी करून बाहेरगावी पाठवणारी अनेक कुटुंबे आहेत. अशाच एका कुटुंबाचे कल्पित उदाहरण घेऊ. घर जुळे सोलापूर भागात आहे आणि विक्रीसाठी जाहीर केलेला पत्ता नवी पेठेतल्या नातेवाइकांच्या दुकानाचा आहे, कारण अनोळखी माणसांनी थेट घरी यावे अशी घरातल्या कोणाचीही इच्छा नाही. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने सांगितले, "वहिनी, व्हॉट्सॲपवर साधे फोटो पाठवू नका, ते फाटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." त्याप्रमाणे गच्चीवर सकाळच्या उन्हात काढलेले चटणीचे, भाकरीचे आणि पाकिटांचे फोटो डॉक्युमेंट म्हणून गेले आणि त्याने ते जसेच्या तसे वेबसाइटवर चढवले. वेबसाइटवर पत्ता नवी पेठेचाच छापलेला आहे. मात्र त्यातला कोणताही फोटो उतरवून घेणाऱ्याला घराची गच्ची काही मीटरांच्या अंतरात सापडू शकते.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी फोटोच्या फाइलमध्ये काय असते ते पाहावे लागेल. फोन जी जेपीईजी फाइल तयार करतो, तिच्या सुरुवातीलाच, चित्राच्या आधी, माहितीचा एक छोटा कप्पा असतो. या कप्प्याची मांडणी एक्झिफ नावाच्या प्रमाणित पद्धतीने होते. ही पद्धत जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५च्या सुमारास ठरवली आणि आजही बहुतेक सर्व कॅमेरे व फोन ती पाळतात. फोनचे मॉडेल, फोटो काढल्याची तारीख व वेळ, शटरचा वेग, फोटो उभा दाखवायचा की आडवा, अशा नोंदी त्यात असतात. फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाण वापरण्याची परवानगी दिलेली असेल, तर याच कप्प्यात जीपीएससाठी वेगळा उपकप्पा तयार होतो आणि अक्षांश, रेखांश, बहुधा उंची व उपग्रहांकडून मिळालेली वेळ त्यात लिहिली जाते. पडद्यावर फोटो पाहताना यातले काहीही दिसत नाही, कारण फोटो दाखवणाऱ्या ॲपला चित्र उमटवण्यासाठी या नोंदीची गरज नसते.

आता ही नोंद प्रत्यक्ष वाचू. संगणकावर त्यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे फिल हार्वी यांनी तयार केलेला एक्झिफटूल हा विनामूल्य प्रोग्राम. कमांड लिहून काम करायचे असल्याने तो पहिल्यांदा रुक्ष वाटतो, पण फाइलमध्ये जे खरोखर आहे ते कोणतीही गाळणी न लावता दाखवण्याचे काम तो उत्तम करतो. उदाहरणातल्या फाइलचे नाव `chutney.jpg` आहे असे धरू. कोणाच्याही खऱ्या घराचा ठावठिकाणा येथे छापला जाऊ नये म्हणून आकडे मात्र सोलापूर शहरासाठी सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या मध्यवर्ती बिंदूचे वापरले आहेत.

```
exiftool -s -gps:all chutney.jpg

GPSLatitudeRef   : North
GPSLatitude      : 17 deg 39' 35.64"
GPSLongitudeRef  : East
GPSLongitude     : 75 deg 54' 23.04"
GPSTimeStamp     : 02:12:08
GPSDateStamp     : 2024:11:23
```

अक्षांश येथे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा तीन भागांत आहे, तर उत्तर की दक्षिण ही नोंद वेगळ्या ओळीत आहे. नकाशात टाकण्यासाठी त्याचे दशांश रूप करणे सोयीचे पडते: मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३६००ने भागून अंशांत मिळवावे.

```
17 + 39/60 + 35.64/3600 = 17.6599
75 + 54/60 + 23.04/3600 = 75.9064
```

`17.6599, 75.9064` एवढे आकडे नकाशाच्या शोधपट्टीत टाकले की नेमका तो बिंदू समोर येतो. या आकड्यांची बारकाई किती आहे, हेही लक्षात घ्यावे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि सोलापूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे साडेएकोणतीस मीटर. फोन सेकंदाचेही शतांश लिहितो, म्हणजे कागदावरची बारकाई एका वितीपेक्षा फारशी जास्त उरत नाही. प्रत्यक्षात फोनचा जीपीएस एवढा अचूक नसतो. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारण पाच मीटरांच्या आसपास राहते आणि घराच्या आत, जिथे फोन वायफाय व मोबाइल टॉवरांवरून ठिकाण अजमावतो, तिथे ती त्याच्या कित्येक पट वाढू शकते. यामुळे निश्चिंत राहण्याचे मात्र कारण नाही. एका फोटोतला बिंदू शेजारच्या घरावर पडला, तरी त्याच गच्चीवर वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या वीस-पंचवीस फोटोंचे बिंदू नकाशावर मांडले की त्यांचा पुंजका खऱ्या घराभोवतीच जमतो. वेबसाइटवर एकाच जागी काढलेले पुष्कळ फोटो असणे, हीच तर घरगुती उद्योगाची नेहमीची स्थिती असते.

वेळेची ओळ वाचताना पुष्कळांचा गोंधळ होतो. `GPSTimeStamp` ही जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय नव्हे. त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. वरचे ०२:१२ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे ०७:४२. हे मध्यरात्रीनंतरचे दिसते, म्हणून नोंद चुकीची असावी असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

विंडोजच्या संगणकावर वेगळा प्रोग्राम न घेताही पाहता येते. फाइलवर राइट-क्लिक करून `Properties` आणि त्यातले `Details` उघडावे. ठिकाण असल्यास तळाकडे `GPS` असा भाग दिसतो आणि त्यात `17; 39; 35.64` असे अर्धविरामांनी तोडलेले आकडे असतात. तो भागच नसेल, तर निदान एक्झिफच्या नेहमीच्या जागी ठिकाण नाही असे समजावे. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये फोटो उघडून `Tools` मधून `Show Inspector` घेतल्यास नकाशासह तीच माहिती मिळते.

फोनवर वाचताना एक खोच आहे. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली नकाशा दिसतो. परंतु तो नकाशा फाइलमधल्याच नोंदीवर आधारलेला असतो असे नाही. फाइलमध्ये ठिकाण नसतानाही हे ॲप इतर खुणांवरून अंदाज बांधून ठिकाण दाखवू शकते आणि वापरणाऱ्याने हाताने भरलेले ठिकाणही तिथेच दिसते. या दोन्ही प्रकारच्या नोंदी त्या ॲपच्या खात्यात असतात. म्हणून ॲपमध्ये नकाशा दिसला की फाइलमध्ये ठिकाण आहेच, आणि ॲपमधून ठिकाण काढले की ते फाइलमधूनही गेलेच, ही दोन्ही अनुमाने कच्ची आहेत. माझ्या मते फोनवरच्या गॅलरीचा उपयोग पहिल्या चाळणीपुरता करावा आणि निर्णय फाइल वाचून घ्यावा.

आता आपल्या कुटुंबाच्या उदाहरणातल्या निर्णायक वळणाकडे येऊ. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर ते ॲप त्याचा आकार कमी करून नवी फाइल तयार करते आणि त्या नव्या फाइलमध्ये जुना एक्झिफ कप्पा येत नाही. एचडी म्हणून पाठवलेला फोटोही पुन्हा दाबलेलाच असतो. वेबसाइटवाल्याला जे फोटोचे "फाटणे" खटकत होते, तीच क्रिया नकळत ठिकाणही पुसत होती. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर मात्र फाइलला कोणी हात लावत नाही. ती अक्षरशः जशीच्या तशी पोहोचते, चित्रही आणि कप्पाही. टेलिग्रामवर फाइल म्हणून पाठवणे, ईमेलला जोडणे, गुगल ड्राइव्हवर ठेवून लिंक देणे, ब्लूटूथने किंवा केबलने उतरवून घेणे, या सर्व वाटांनी हेच होते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम इतरांना दिसणाऱ्या प्रतीतून ठिकाण काढून टाकतात, परंतु चढवलेली मूळ फाइल त्या कंपनीच्या हाती गेलेली असते, एवढे ध्यानात ठेवावे.

वेबसाइटच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. पानावर दिसणारे चित्र बहुधा लहान केलेली प्रत असते आणि कधी कधी त्या प्रतीत ठिकाण नसते; त्यामुळे तपासणाऱ्याला सर्व ठीक वाटते. मात्र वर्डप्रेससारख्या प्रणालीत चढवलेली मूळ फाइलही सर्व्हरवर राहते आणि तिचा पत्ता ओळखणे अवघड नसते. मूळ फोटो न तपासता संकेतस्थळावर टाकल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डिसेंबर २०१२मधले आहे. बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले संगणक-उद्योजक जॉन मॅकॅफी यांच्यासोबतचा एक फोटो 'व्हाइस' या अमेरिकी नियतकालिकाने प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे वाचकांनीच शोधून काढले.

ठिकाण काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते मुळात लिहू न देणे. सॅमसंगच्या कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये `Location tags` आणि पिक्सेलमध्ये `Save location` अशा नावाचे बटण असते. आयफोनवर `Settings` मधल्या `Privacy & Security` मध्ये, `Location Services` खाली `Camera` निवडून `Never` करावे लागते. विक्रीसाठीचे फोटो काढणाऱ्या फोनवर हे बंदच ठेवावे, असे मी सुचवेन. मात्र हे बटण आजपासून पुढच्या फोटोंना लागू होते, आधी काढलेल्यांना नाही.

एखाद-दुसरा फोटो पाठवताना आयफोनवर शेअर करण्याच्या खिडकीत वरच्या बाजूला `Options` असते, त्यातले `Location` बंद करता येते आणि पाठवल्या जाणाऱ्या प्रतीतून ठिकाण वगळले जाते. सॅमसंगच्या गॅलरीतही शेअर करताना ठिकाण वगळण्याची सोय आहे. अँड्रॉइड १०पासून आणखी एक गोष्ट बदलली: ज्या ॲपला फोटोंचे ठिकाण वाचण्याची वेगळी परवानगी दिलेली नाही, त्याला गॅलरीतला फोटो देताना प्रणालीच जीपीएसच्या नोंदी झाकून देते. त्यामुळे एकच फोटो एका ॲपमधून ठिकाणासह आणि दुसऱ्यातून ठिकाणाविना जाताना दिसतो. हे संरक्षण चांगले आहे, पण कोणती वाट झाकलेली आणि कोणती उघडी हे वापरणाऱ्याला बाहेरून कळत नाही, म्हणून मी त्याच्या भरवशावर काम सोडणार नाही.

साठलेले शंभर-दोनशे फोटो एकदम स्वच्छ करायचे असतील, तर संगणकच बरा. फक्त ठिकाण काढायचे असल्यास एक्झिफटूलची कमांड अशी:

```
exiftool -gps:all= "-xmp:gps*=" chutney.jpg
```

बरोबरच्या चिन्हापुढे काहीच लिहिलेले नाही, याचा अर्थ ती नोंद रिकामी करा. पहिला भाग एक्झिफमधला जीपीएसचा उपकप्पा काढतो. दुसरा भाग कशासाठी, तर फोटो एखाद्या संपादन-प्रोग्राममधून गेला असेल, तर त्या प्रोग्रामने तेच अक्षांश-रेखांश एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या कप्प्यातही लिहून ठेवलेले असू शकतात. पहिला कप्पा रिकामा केला तरी दुसऱ्यात पत्ता तसाच राहतो. शहराचे किंवा परिसराचे नाव शब्दांत लिहिलेले असेल, तर ते या कमांडने जात नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

या कमांडचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. एक्झिफटूल सावधगिरी म्हणून मूळ फाइल `chutney.jpg_original` या नावाने त्याच फोल्डरमध्ये राखून ठेवतो. पुढे कोणी तो संपूर्ण फोल्डर झिप करून वेबसाइटवाल्याला पाठवला, तर ठिकाण असलेली मूळ फाइलही त्याच झिपमधून जाते. त्यामुळे स्वच्छ प्रती वेगळ्याच फोल्डरमध्ये तयार करणे हितावह ठरते.

आता कोणी म्हणेल, केवळ ठिकाणच का, सगळाच कप्पा उडवून द्यावा. विचार योग्य आहे, कारण फोनचे मॉडेल आणि वेळा बाहेर जाण्याचेही विक्रीच्या फोटोत प्रयोजन नसते. परंतु सगळे पुसले की दोन गोष्टी बिघडू शकतात. फोन उभा धरून काढलेला फोटो बहुधा आडवाच साठवलेला असतो आणि तो फिरवून दाखवावा अशी सूचना एक्झिफमध्ये असते. ती गेली की चटणीची बरणी आडवी पडलेली दिसते. दुसरे म्हणजे रंगांचे वर्णन करणारा रंग-प्रोफाइलही काढला जातो, आणि ज्या फोनचे फोटो अधिक व्यापक रंगपट्टीत असतात त्यांचे रंग मग फिके पडतात. चटणीच्या बाबतीत ते खपून जाईल, पण सोलापुरी चादरी किंवा टॉवेल विकणाऱ्याकडे रंग वेगळा निघाला म्हणून माल परत येऊ शकतो. या दोन्ही नोंदी राखून बाकी सारे काढण्यासाठी पुढची कमांड वापरावी. ती `photos` फोल्डरमधले फोटो घेऊन स्वच्छ प्रती `clean` फोल्डरमध्ये ठेवते आणि मुळांना धक्का लावत नाही:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -colorspacetags -orientation -o clean/ photos
```

विंडोजमध्ये `Details` च्या तळाशी `Remove Properties and Personal Information` अशी ओळ असते आणि ती काढता येण्याजोग्या नोंदी वगळून नवी प्रत करून देते. कमांड लिहिणे नको असणाऱ्यांना ती पुरेशी आहे, मात्र तयार झालेली प्रत पुन्हा उघडून `GPS` चा भाग गेला आहे याची खात्री करून घ्यावी.

मूळ फोटो नष्ट करू नयेत. ई-पीक पाहणीपासून पीकविम्याच्या दाव्यापर्यंत अनेक ठिकाणी जागेचा पुरावा लागतो, आणि ज्या नोंदी वेबसाइटवर नकोशा असतात त्याच तिथे कामाच्या ठरतात. जाता जाता एक सांगायचे, तर ग्रामपंचायतीच्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही कॅमेरा-ॲपमध्ये पत्ता, अक्षांश आणि छोटा नकाशा फोटोवरच छापला जातो. तो मजकूर चित्राचाच भाग झालेला असल्याने वरची कोणतीही कमांड त्याला काढू शकत नाही; तो भाग कापूनच टाकावा लागतो.

कापण्याच्या बाबतीतही एक जुना दोष माहीत असावा. एक्झिफच्या कप्प्यात मूळ फोटोची टपाल तिकिटाएवढी एक लघुप्रत असते. चांगले संपादन-प्रोग्राम फोटो कापल्यावर ती नव्याने तयार करतात, पण काही करत नाहीत, आणि मग मागच्या भिंतीवरची घराची पाटी मोठ्या चित्रातून कापली गेली तरी लघुप्रतीत शिल्लक राहते. वरची सगळे पुसणारी कमांड ही लघुप्रतही काढते, केवळ ठिकाण पुसणारी कमांड काढत नाही.

शेवटी तपासणी. ती आपल्या फोनमधल्या फाइलवर केली, तर पाठवताना वाटेत काय झाले ते कळत नाही. समोरच्याला मिळालेली फाइल त्याच्याकडून परत मागवावी, किंवा वेबसाइटवर असेल तर तिथूनच उतरवून घ्यावी आणि तीच वाचावी:

```
exiftool -a -G1 -s "-*gps*" "-*location*" downloaded.jpg
```

काहीच छापले गेले नाही, तर या नावांच्या नोंदी फाइलमध्ये नाहीत. शब्दांत लिहिलेली शहर-परिसराची नोंद किंवा चित्रातच दिसणारी पाटी यात येत नाही, ती डोळ्यांनीच पाहावी लागते.

आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाचे फोटो आधीच वेबसाइटवर गेलेले आहेत. त्यांना आता स्वच्छ प्रती चढवून मूळ फाइली सर्व्हरच्या अपलोड फोल्डरमधून काढाव्या लागतील, कारण पानावरचे चित्र बदलल्याने जुनी फाइल आपोआप जात नाही. सर्व्हरने तात्पुरत्या साठवलेल्या प्रतींची कॅशेही रिकामी करून घ्यावी लागेल. वेबसाइटवाल्याच्या फोनमध्ये व ड्राइव्हवर पडलेल्या प्रती त्याला काढायला सांगाव्या लागतील. त्यानंतर फोटोच्या जुन्या पत्त्यावरून फाइल पुन्हा उतरवून पाहावी. ती मिळतच नसेल, किंवा मिळूनही वरच्या कमांडला उत्तर रिकामे येत असेल, तरच वेबसाइटपुरते हे काम झाले असे म्हणता येईल. मधल्या काळात ज्यांनी फोटो उतरवून घेतले, त्यांच्याकडच्या प्रतींतले अक्षांश-रेखांश मात्र आता कोणालाही काढता येणार नाहीत.